प्रश्न नीट, तर उत्तर नीट

पहिल्या बाळंतपणात प्री-एक्लॅम्प्सियामुळे, म्हणजे गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाच्या गंभीर आजारामुळे, एखाद्या बाईची प्रसूती आठव्या महिन्यातच करावी लागली होती, असे समजू. आता ती पुन्हा गरोदर आहे आणि विचारते, "डॉक्टर, या वेळीही तसंच होईल का? काही गोळी आहे का?" अ‍ॅस्पिरिनच्या कमी मात्रेने फायदा होतो, असे तरुण डॉक्टरने ऐकलेले असते. पण किती मात्रा, कधीपासून आणि नेमका कशासाठी? उत्तर वैद्यकीय साहित्यात आहे, पण ते कसे शोधले यावर काय सापडेल ते ठरते.

'अ‍ॅस्पिरिन आणि गरोदरपण' एवढेच शोधले, तर हजारो लेख समोर येतात. म्हणून आधी प्रश्नाचे चार तुकडे करतात. रुग्ण कोण? धोका जास्त असलेली गरोदर स्त्री. उपाय कोणता? अ‍ॅस्पिरिनची कमी मात्रा. तुलना कशाशी? औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीशी. परिणाम कोणता पाहायचा? प्री-एक्लॅम्प्सिया. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला 'पिको' म्हणतात.

हे तुकडे किती महत्त्वाचे, ते दोन चाचण्यांवरून दिसते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्लास्प' चाचणीत ९,३६४ स्त्रिया होत्या. त्यांना गरोदरपणाच्या १२ ते ३२ आठवड्यांदरम्यान केव्हाही ६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी गोळी सुरू केली गेली. एकूण प्री-एक्लॅम्प्सियात जी घट दिसली, ती योगायोगाचीही असू शकेल इतकी लहान होती. २०१७ च्या 'अ‍ॅस्प्रे' चाचणीत धोका जास्त असलेल्या स्त्रियांनाच निवडले, ११ ते १४ आठवड्यांत १५० मिलिग्रॅम सुरू केले आणि मुख्य परिणाम म्हणून ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणारा प्री-एक्लॅम्प्सिया मोजला. तो अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत १.६ टक्के, तर इतरांत ४.३ टक्के होता. औषध तेच, पण मात्रा, वेळ, निवड आणि मोजलेला परिणाम बदलला. त्यामुळे फक्त 'अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होतो का?' असे विचारणाऱ्याला दोन उलटी उत्तरे मिळाली असती.

आता शोध. क्लास्पच्या शीर्षकात आजाराचे नाव ब्रिटिश पद्धतीने, मध्ये आडवी रेघ घालून `pre-eclampsia` असे आहे, तर अ‍ॅस्प्रेच्या शीर्षकात अमेरिकी पद्धतीने सलग `preeclampsia`. जुन्या लेखांत याच आजाराला 'टॉक्सिमिया'ही म्हटलेले आढळते. एकच शब्द टाकणाऱ्याच्या जाळ्यातून बाकीचे लेख निसटतात.

यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० पासून एक ठरावीक शब्दसूची चालवली आहे. तिचे नाव मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज, थोडक्यात 'मेश'. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, लेख त्या विषयाच्या ठरलेल्या शीर्षकाखाली नोंदवला जातो. शीर्षके झाडासारखी रचलेली आहेत. 'गरोदरपणातील उच्च रक्तदाब' या मोठ्या फांदीवर शोधले, की तिच्याखालचे प्री-एक्लॅम्प्सिया आणि एक्लॅम्प्सियाही आपोआप येतात.

पण निव्वळ शीर्षकांवर विसंबणेही धोक्याचे. अगदी ताज्या लेखांना शीर्षक मिळायला वेळ लागू शकतो आणि पबमेडमधील काही नोंदींना ते मिळतही नाही. म्हणून लेखाच्या नावात आणि सारांशात येणारे शब्द जोडतात:

```
("Hypertension, Pregnancy-Induced"[Mesh]
 OR preeclampsia[tiab] OR "pre-eclampsia"[tiab])
AND
("Aspirin"[Mesh] OR aspirin[tiab])
```

एकाच गोष्टीचे पर्याय `OR` ने आणि वेगवेगळ्या गोष्टी `AND` ने जोडल्या आहेत. तुलनेचा तुकडा मुद्दाम घातलेला नाही, कारण सारांशात तुलना लिहिलेलीच असेल याची खात्री नसते. प्रत्येक जादा `AND` यादी लहान करतो आणि कामाचा लेखही गाळू शकतो. मात्रा आणि सुरुवातीची वेळ हे लेख वाचताना पाहायचे, शोधाच्या ओळीत घालायचे नाही.

जाळे फाटके आहे का, हे ओळखायची साधी युक्ती म्हणजे आधीच माहीत असलेले लेख यादीत आले का ते पाहणे. इथे क्लास्प आणि अ‍ॅस्प्रे दोन्ही दिसायला हवेत. एक जरी गायब असेल, तर ओळ पुन्हा तपासायची. दोन्ही आले तरी सगळे सापडले, असे नाही. एकाच ग्रंथसूचीत जगातले सगळे लेख नसतात.

त्या बाईला मिळणारे उत्तर मग 'गोळी आहे' एवढेच उरत नाही. तिच्यासारख्या स्त्रियांत ती किती लवकर सुरू केली आणि नेमके काय टळले, हे डॉक्टर सांगू शकतो. आणि वेळेआधी प्रसूती करावी लागणारा प्री-एक्लॅम्प्सिया टळण्यात फायदा दिसला असला, तरी पूर्ण दिवस भरल्यावर होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियात अ‍ॅस्प्रेमध्ये ठळक फरक दिसला नाही, हेही. गोळी मात्र तिने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करायची.