म्यूट केलेलं सोयाबीन

लातूरकडच्या एका काकांनी घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासायची, याचा व्हिडिओ करून माझ्याकडे एडिटिंगला पाठवला. 100 दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची आणि मग कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरणीजोगं. काका बोलतात फर्मास. पण आवाज बंद करून पाहिलं, तर एक गृहस्थ गोणपाटापुढे बसून ओठ हलवताहेत, एवढंच कळत होतं.

एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, शेजारी मूल झोपलेलं असताना लोक व्हिडिओ असाच पाहतात. शिवाय 2018 पासून क्रोमसारखा ब्राउझरही आपोआप सुरू होणारा व्हिडिओ सहसा मुकाच चालू देतो. म्हणून अक्षरं चित्रातच छापून टाकायची, बंद-चालू करण्याची सोय न ठेवता.

काकांची सुरुवात होती, ‘नमस्कार मंडळी, आज आपण एका अतिशय महत्त्वाच्या विषयावर…’ तोवर अंगठा पुढच्या व्हिडिओवर गेलेला असतो. मी नमस्कार कापला आणि पहिल्याच फ्रेमवर लिहिलं: ‘100 पैकी किती दाणे उगवतील?’ अक्षरं हळूहळू उमटवली नाहीत. व्हिडिओ नजरेस पडतो त्या क्षणी प्रश्न तिथे हवा.

पुढे बोलणं जसंच्या तसं छापणं जमेना. ‘गोणपाट आहे ना, ते चांगलं भिजवायचं, पण पाणी निथळून जाऊ द्यायचं बरं का, नाहीतर दाणे कुजतात,’ हे कानाला गोड लागतं. डोळ्याला ओझं होतं. त्याच्या दोन पाट्या केल्या: ‘गोणपाट भिजवा, पाणी निथळू द्या’ आणि ‘पाणी साचलं तर दाणे कुजतात’. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचा ‘बरं का’ इथे हरवतो, ही खंत राहतेच. नेटफ्लिक्सच्या नियमांत एक पाटी फार तर 7 सेकंद ठेवतात, आणि सेकंदाच्या पाच-षष्ठांशाहून कमी नाही. पण इथे वाचणाऱ्याला काकांचे हातही पाहायचे असतात. म्हणून मी ओळ एकदा सावकाश मोठ्याने वाचतो आणि तेवढ्या वेळावर हात बघायला थोडा वेळ वाढवून देतो. उलट ‘73 उगवले’ हा आकडा मात्र शेवटचा कोंब मोजला जाईपर्यंत रोखून धरला. आधी दिसला असता तर मोजणी कोण पाहणार?

एकेक शब्द उडवत दाखवायची हल्ली फॅशन आहे. मराठीला ती सोसत नाही, असं माझं मत. आपलं क्रियापद आणि नकार दोन्ही शेवटी येतात. ‘70 पेक्षा कमी उगवले तर हे बियाणं पेरू’ इथपर्यंत वाचून नजर हटली की ‘नका’ गेलंच!

खरी पंचाईत रंगाची झाली. पांढरी अक्षरं तपकिरी गोणपाटावर छान उठली, पण कॅमेरा दाण्यांच्या ढिगाजवळ गेला की फिक्या पिवळ्यात विरून गेली. वेबवरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात निदान 4.5 ला 1 असं प्रमाण मागतात, ठळक मोठ्या अक्षरांना 3 ला 1. त्या ढिगावर ते जेमतेम दीड भरत होतं. अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी टाकली तर? मागे अगदी पांढरं चित्र आलं, तर 50 टक्के काळी पट्टी 4 पर्यंतच नेते. 70 टक्के केली की प्रमाण साडेआठच्या आसपास जातं. मी 70 ठेवली. लाल अक्षरांचा काकांचा आग्रह मात्र मोडून काढला. व्हिडिओ दाबून लहान करताना रंगाचा तपशील उजळपणाच्या तपशिलाच्या साधारण चौथाईच साठवला जातो, त्यामुळे लाल कडा फुटतात.

पट्टीऐवजी अक्षरांना जाड काळी किनार देता येते, पण देवनागरीत ती ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजवते. दोन ओळींत अंतरही जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर आपली लिपी नीट जुळवतंय ना, हे आधी बघावं. प्रीमियर प्रोमध्ये मजकुरासाठी दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला नसेल, तर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात.

सगळं झाल्यावर व्हिडिओ खासगी ठेवून अपलोड केला, फोनचा उजेड निम्मा केला आणि उन्हात उभा राहून पाहिला. पट्टी स्वच्छ वाचता येत होती. फक्त खाली उजवीकडे मोठ्या हौसेने ठेवलेला ‘73’ शेअरच्या बटणाखाली गेला होता. छापलेली अक्षरं नंतर सरकवता येत नाहीत. आकडा काकांच्या हाताच्या वर नेला आणि अख्खा व्हिडिओ पुन्हा रेंडरला लावला.