दऱ्यांचा दर्या

गेल्या वर्षी एका दिवाळी वार्षिकाचं काम शेवटच्या टप्प्यात असताना रात्री साडेदहाला डीटीपीच्या खोलीतून फोन आला. "सर, फोटोओळींमध्ये युनिकोड तुटतंय. तुम्ही येऊन बघता का?" मी लगेच निघालो. तुटलेली जोडाक्षरं दिसली की मला घरी थांबवत नाही. वीसेक वर्षं मी त्यांची छायाचित्रं जमवतो आहे, दुकानांच्या पाट्यांवरची, तिकिटांवरची, लग्नपत्रिकांवरची.

पडद्यावरचं पान विलक्षण होतं. मजकूर सुबक लागला होता, पण त्याच पानावर, त्याच फॉन्टमधल्या फोटोओळी विस्कटल्या होत्या. 'वार्षिक' या शब्दात 'र'च्या पायाखाली हलन्त लोंबत होता, रफार कुठेच नव्हता आणि ऱ्हस्व वेलांटी 'ष'च्या अलीकडे असण्याऐवजी पलीकडे जाऊन पडली होती. तोच मजकूर वर्डमध्ये उघडला तर निर्दोष, ईमेलमध्ये निर्दोष, नोटपॅडमध्येही निर्दोष. म्हणजे मजकूर चांगला होता आणि फॉन्टही चांगला होता. बिघाड या दोघांच्या मधे होता, आणि मला सर्वांत आवडणारी जागा तीच आहे.

फाइलमध्ये 'वार्षिक' हा शब्द सात चिन्हांनी साठवलेला असतो: व, काना, र, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, क. हा क्रम उच्चाराचा आहे, दिसण्याचा नाही. रफार नावाची वस्तू फाइलमध्ये नसते, अर्धा 'ष' नसतो, 'क्ष' हे एक अक्षरही नसतं. ती चिन्हं वाचून त्यांचं अक्षर घडवण्याचं काम प्रोग्रामच्या आतला एक भाग करतो. मी त्याला मनातल्या मनात जुळारी म्हणतो. तो आधी शब्दाची अक्षरं पाडतो: वा, र्षि, क. मग 'र्षि'मध्ये मुख्य व्यंजन कोणतं ते ठरवतो, वेलांटी उचलून त्याच्या आधी ठेवतो, सुरुवातीचा 'र्' काढून शेवटी नेतो आणि फॉन्टकडे त्याचा रफार मागतो. फॉन्टमध्ये आकृत्या असतात आणि कोणत्या आकृत्या मिळून कोणती आकृती होते याचे नियम असतात. पण ते नियम कुणीतरी विचारावे लागतात. जुळाऱ्याने विचारलंच नाही, तर चिन्हं आली त्या ओळीने नुसती मांडली जातात. आमच्या फोटोओळींचं नेमकं तेच झालं होतं.

पानं इनडिझाइनमध्ये लागत होती. या प्रोग्राममध्ये ओळी जुळवणारे दोन वेगवेगळे यंत्रभाग आहेत. `Adobe Paragraph Composer` हा रोमनसारख्या सरळ लिप्यांसाठीचा, आणि `Adobe World-Ready Paragraph Composer` हा देवनागरी, अरबी वगैरेंसाठीचा. परिच्छेदाच्या पॅनेलमधल्या मेनूत दोन्हींची नावं दिसतात. महत्त्वाची गोष्ट अशी की ही निवड अख्ख्या फाइलची नसते. ती परिच्छेदाची असते आणि परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये साठवली जाते. मजकुराची स्टाइल आमच्या ऑपरेटर ताईंनी नव्याने केली होती, त्यात दुसरा पर्याय निवडलेला होता. फोटोओळींची स्टाइल एका जुन्या इंग्रजी माहितीपत्रकाच्या साच्यातून आली होती. ती उघडली, `Justification`मध्ये कंपोझर बदलला, आणि चौसष्ट पानांवरच्या फोटोओळी एका क्षणात सरळ झाल्या. फॉन्ट बदलून काही उपयोग झाला नसता. त्याआधीच्या अर्ध्या तासात ताईंनी चार फॉन्ट बदलून पाहिलेही होते.

डीटीपीवाल्यांचा युनिकोडवर विश्वास का नाही, हे मला समजतं. खिळे जुळवायच्या काळात अर्धं अक्षर म्हणजे हाताला लागणारा शिशाचा तुकडा होता. पुण्यात आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या छापखान्यात मी अनेक दुपारी काढल्या आहेत. तिथल्या वृद्ध कंपोझिटरांनी मला केसमधलं घर न् घर उघडून दाखवलं होतं. अर्ध्या अक्षरांची घरं वेगळी, रफार लागलेल्यांची वेगळी, आणि स्टिकवर खिळा जिथे ठेवला तिथेच तो छापला जाणार. संगणकावरच्या पहिल्या मराठी फॉन्टांनी हीच पद्धत उचलली. अर्धा 'ष' एका कळीवर, रफार दुसऱ्या कळीवर. जुळाऱ्याची गरज नसल्याने जोडाक्षर कुठल्याच प्रोग्राममध्ये तुटत नसे, मात्र तो फॉन्ट नसला की सगळ्या लेखाची रोमन अक्षरांची खिचडी होई. पुढे १९८८चं इस्की, त्यावर आधारलेला १९९१च्या युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता, मग विंडोज २०००सोबत आलेला र. कृ. जोशी यांचा 'मंगल' फॉन्ट, हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला पुढे जायचं आहे ते एका बारीक रेघेकडे.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' बोलावलं तर गुरुजन येतील, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर स्वयंपाक होईल. हा फरक मराठीत 'य'च्या आधी येणाऱ्या, पापणीच्या केसासारख्या बाकदार अर्ध्या 'र'वर टिकून आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. नेपाळीला पडते. माझ्या मते देवनागरीतली ही सर्वांत सुंदर आकृती आहे, आणि सर्वांत आधी तुटणारीही.

ती दोन प्रकारे लिहिली जाते. एक म्हणजे नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त आणि 'य'. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून J, मग D, मग तिरक्या रेघेची कळ. दुसरा प्रकार म्हणजे साधा 'र', हलन्त, त्यानंतर `U+200D` हे न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग 'य'. छापील पानावर दोन्ही सारखेच दिसतात. पण दुसऱ्या प्रकारात शब्दाचा अर्थ एका अदृश्य चिन्हावर लटकलेला असतो.

फोटोओळी सुधारून घरी आलो. आठवड्याभराने अंकाची फोनवर वाचायची आवृत्ती तयार झाली आणि संपादकांनी एक पान पाठवलं. सह्याद्रीवरच्या लेखात 'दऱ्या'ऐवजी 'दर्‌या' दिसत होतं, हलन्त उघडा पडलेला. मात्र एकाच वाचन-अ‍ॅपमध्ये. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर पापणी जागेवर. 'वार्षिक', 'क्षितिज', 'शुद्ध' हे शब्द तर दोन्हीकडे छान. म्हणजे या वेळी जुळारी कामावर हजर होता. मग त्याच्या हातून फक्त हाच शब्द का सुटला?

फाइल हलकी व्हावी म्हणून आम्हीच फॉन्ट छाटला होता आणि तो कोणत्या चिन्हांसाठी वापरायचा, ते असं लिहिलं होतं:

```
unicode-range: U+0900-097F;
```

लेखकाने 'दऱ्या' दुसऱ्या प्रकाराने लिहिल्या होत्या. देवनागरीचं सगळं घर या ओळीत आहे, पण `U+200D` त्या घराबाहेर राहतं. एखादं चिन्ह फॉन्टमध्ये नसलं की प्रोग्राम ते दुसऱ्या फॉन्टकडून उसनं आणतो. उसनवारी करताना किती मोठा तुकडा बाहेर पाठवायचा, यावर सगळं अवलंबून असतं. ब्राउझरने 'ऱ्या' हे अक्षर न फोडता हाताळलं. अ‍ॅपने मात्र चिन्ह न् चिन्ह सुटं पाहिलं. 'दर्' आमच्या फॉन्टमध्ये, अदृश्य जोड दुसऱ्या फॉन्टमध्ये, 'या' पुन्हा आमच्या फॉन्टमध्ये, असे तीन तुकडे झाले. जुळाऱ्याला एका वेळी एका फॉन्टचाच तुकडा मिळतो. त्याला 'दर्'च्या पुढे काय आहे ते दिसलंच नाही, मग तो पापणी कुणासाठी घडवणार? ओळ अशी केली आणि फॉन्ट छाटताना ही चिन्हंही ठेवली, तेव्हा शब्द सांधला:

```
unicode-range: U+0900-097F, U+200C-200D, U+25CC;
```

शेवटचं `U+25CC` म्हणजे ठिपक्यांचं वर्तुळ. हे वर्तुळ मजकुरात दिसणं ही उसनवारीची मोठी खूण आहे. समजा फॉन्टमध्ये 'ऱ' नाही आणि प्रोग्रामने तेवढा एकच परक्या फॉन्टमधून आणला, तर 'दऱ्या'मधला '्या' एवढा तुकडा मागे पोरका उरतो. हलन्ताला आधाराला व्यंजन नसतं, म्हणून जुळारी त्याच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ मांडतो. दुसरी खूण जाडीची. शब्दातलं एकच अक्षर किंचित बारीक किंवा ठसठशीत दिसलं, तर ते परक्या फॉन्टमधून आलं आहे असं समजावं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टांमध्ये ते नाही, त्यामुळे जुन्या संगणकांवर 'ॲड.' लिहिलेल्या पाट्यांमध्ये ही जाडीची गंमत मला पुष्कळ सापडली.

आता कुणी मला बोलावलं की मी आधी नुसता शब्दांकडे बघतो. वेलांटी व्यंजनाच्या पलीकडे गेली असेल आणि सगळीच जोडाक्षरं सुटली असतील, तर जुळारीच बंद आहे, सेटिंग शोधायचं. निवडक शब्दच तुटले असतील, वर्तुळं किंवा जाडीतला फरक दिसत असेल, तर उसनवारी तपासायची. 'द्ध' हलन्ताने सुटा दिसतो पण वेलांट्या जागेवर आहेत, आणि सगळ्या प्रोग्राममध्ये तसंच दिसतं, तर फॉन्टमध्ये ती आकृती नाही. तिथे मात्र फॉन्ट बदलणं हाच उपाय.

लेखकांनी 'ऱ' वापरावा, अदृश्य जोडाच्या भरवशावर राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. याचं कारणही त्याच सह्याद्रीवरच्या लेखाने दिलं. फोनवरची आवृत्ती दुरुस्त झाल्यावर छापील पानाची प्रूफं वाचताना संपादकांना दिसलं की तिथे 'दर्‌या' नाही, चक्क 'दर्या' आहे. सुबक, रफारासह. मजकूर आत घेताना नको असलेली अदृश्य चिन्हं काढायची आमची नेहमीची आज्ञा चालवली गेली होती आणि तिने `U+200D`ही पुसून टाकलं होतं. हे तुटणं नव्हतं. र, हलन्त, य एवढंच उरल्यावर रफार देणं हे जुळाऱ्याचं बरोबरच होतं. आता कोणतंही सेटिंग पापणी परत आणू शकत नव्हतं, आणि सगळीकडे बदल करण्याची आज्ञाही धोक्याची होती, कारण 'सूर्य' आणि 'कार्य'ही त्याच तीन चिन्हांनी बनतात.

मी आणि संपादक मूळ हस्तलिखित शेजारी ठेवून बसलो. लेखात 'दर्या' अकरा ठिकाणी होतं. दहा ठिकाणी त्या घाटमाथ्यावरून दिसणाऱ्या दऱ्या होत्या, त्या एकेक करून हाताने लिहिल्या. अकराव्या ठिकाणी लेखक घाट उतरून हर्णैच्या किनाऱ्यावर पोचले होते. तो दर्या आम्ही तसाच ठेवला.