१९ रुपयांचं चॅनेल २२ रुपये ४२ पैशांना

केबलच्या किंवा डिशच्या बिलात दोन वेगळ्या रकमा एकत्र आलेल्या असतात, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. पहिली रक्कम म्हणजे नेटवर्क भाडं. चॅनेल फुकट असो वा पैशांचं, ते घरापर्यंत पोचवण्याबद्दल केबलवाला किंवा डिश कंपनी ते घेते. दुसरी रक्कम सशुल्क चॅनेलांची. ती किंमत चॅनेलची मालक कंपनी ठरवते आणि केबलवाल्याला त्याहून जास्त घेता येत नाही. या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी लागतो.

ही पद्धत दूरसंचार नियामक ट्रायने २०१९च्या सुरुवातीला लागू केली. तेव्हा १०० चॅनेलांसाठी नेटवर्क भाडं जास्तीत जास्त १३० रुपये होतं. पुढच्या वर्षी तेवढ्यातच २०० चॅनेलं बसू लागली. २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढली, त्यामुळे आता भाडं प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं. हिशेबासाठी आपण १३०च धरू. करासह ते १५३ रुपये ४० पैसे होतात, आणि यात एकही सशुल्क चॅनेल नाही.

आता घरात मराठी मालिकांचं १९ रुपयांचं एक चॅनेल हवं आहे. बिल १७५ रुपये ८२ पैसे होतं, म्हणजे जाहिरातीतल्या १९ रुपयांचे प्रत्यक्षात २२ रुपये ४२ पैसे पडतात. मुलांसाठी त्याच कंपनीचं १२ रुपयांचं कार्टून चॅनेल घेतलं, की बिल १८९ रुपये ९८ पैशांवर जातं.

इथेच कंपनीचा पॅक पुढे येतो. समजा, या दोन चॅनेलांसोबत तिची ८, ६ आणि ५ रुपयांची आणखी तीन आहेत. सुट्या किमतींची बेरीज ५० रुपये. पॅकवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, म्हणजे तो २७ रुपये ५० पैशांना मिळू शकतो. मग बिल १८५ रुपये ८५ पैसे. पाच चॅनेलं दोघांपेक्षा स्वस्त! कधीही न लावलेली चॅनेलं आपल्या टीव्हीवर का असतात, याचं कारण हेच गणित आहे. मात्र एकच चॅनेल पाहणाऱ्या घराला पॅक दहा रुपयांनी महाग पडतो, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही.

पॅकमध्ये १९ रुपयांहून महाग चॅनेल घालता येत नाही. एकाच चॅनेलची साधी आणि एचडी आवृत्तीही एका पॅकमध्ये नसते. पण पॅकमधून साधी मिळत असताना एचडी सुटी घेतली, तर दोन्हींचे पैसे लागतात. एचडी सुरू करताना साधी बंद करायची राहून गेलेली घरं कमी नाहीत. केबलवाल्याकडून किंवा कंपनीच्या ॲपमधून निवडलेल्या चॅनेलांची यादी घेतली, की एकाच नावाच्या दोन ओळी लगेच नजरेत भरतात.