व्हिडिओची कमाई: धंदा की किरकोळ उत्पन्न?

यूट्यूबवरून मिळणारा पैसा व्यवसायाचे उत्पन्न ठरतो का, हे रकमेपेक्षा कामाच्या सातत्यावरून ठरते. एखादा व्हिडिओ योगायोगाने गाजून थोडे पैसे आले, तर ते सहसा इतर उत्पन्नात धरले जातात. नफ्याच्या हेतूने नियमित व्हिडिओ टाकले, तर नोकरी सांभाळूनही तो व्यवसायच.

समजा, पाककृतींच्या चॅनेलला वर्षात १,८०,००० रुपये मिळाले. अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला ६,००० रुपये कर कापला गेला आणि बँकेत १,७४,००० जमा झाले. विवरणपत्रात उत्पन्न १,८०,०००च दाखवावे. कापलेल्या कराचा दावा वेगळा करता येतो. नेमकी इथेच बँकेच्या पासबुकावर विसंबणाऱ्यांची फसगत होते. ३०,००० रुपयांचा कॅमेरा एकाच वर्षी खर्चात टाकता येत नाही. त्यावर १५ टक्के, म्हणजे ४,५०० रुपये घसारा मिळतो. घरच्या इंटरनेटचा फक्त कामापुरता हिस्सा धरावा.

म्हणून अॅडसेन्सचे मासिक अहवाल, बँक स्टेटमेंट, परदेशी करकपातीचा दाखला, खरेदीची बिले आणि जाहिरातदारांशी झालेले करार जपावेत. जाहिरातदाराने मोबदल्यात वस्तू दिली, तर तिची बाजारभावाने किंमतही उत्पन्नात मोजली जाते; तिचीही नोंद त्याच दिवशी करावी.