केसांची ‘नीळ’ : जांभळा शाम्पू कुणासाठी?

पांढरे सदरे-धोतरे नुसत्या साबणाने धुतली की काही दिवसांनी पिवळट दिसू लागतात. म्हणून शेवटच्या पाण्यात निळीचे चार थेंब टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. नीळ मळ काढत नाही. कापडावर निळसर छटा बसते आणि त्यामुळे पिवळेपणा डोळ्यांना जाणवत नाही. सध्या दुकानांत मिळणारे जांभळे आणि निळे शाम्पू केसांवर नेमके हेच काम करतात.

रंगचक्रात पिवळ्याच्या समोर जांभळा असतो आणि नारिंगीच्या समोर निळा. समोरासमोरचे दोन रंग एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि करडी, तटस्थ छटा उरते. म्हणून केसांत पिवळी झाक असेल तर जांभळा शाम्पू आणि नारिंगी-तांबूस झाक असेल तर निळा. या शाम्पूतले रंगकण केसाच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि पुढच्या काही धुण्यांत निघून जातात. केसाचा मूळ रंग ते उडवत नाहीत आणि पांढरा केस काळाही करत नाहीत.

पिकलेल्या केसात मेलॅनिन हे रंगद्रव्य जवळपास नसते, त्यामुळे बाहेरचा कोणताही डाग त्यावर लगेच उठून दिसतो. ऊन, विडी-सिगारेटचा धूर, पाण्यातले लोह, पिवळसर तेलाचा थर, केस सरळ करायच्या यंत्राची उष्णता ही पिवळेपणाची नेहमीची कारणे. केस पिवळे दिसले म्हणून कावीळ झाली, असे समजून काही रुग्ण येतात. कावीळ पाहायची ती डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, केसांत नव्हे.

माझ्या ओपीडीत येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. केसांच्या रंगाने डोक्याला खाज सुटून पुरळ आले, म्हणून त्यांनी रंग लावणे कायमचे थांबवले. वर्षभरात डोके छान पांढरे झाले, पण कपाळावरचे केस मात्र पिवळट. रोजचे डोकेभर तेल, बोअरचे पाणी आणि उन्हात फिरणे अशी तिन्ही कारणे तिथे होती. त्यांनी जांभळा शाम्पू आणला आणि ‘जास्त वेळ ठेवला तर जास्त पांढरे’ या हिशेबाने अर्धा तास डोक्यावर ठेवला. कानामागचे केस फिकट जांभळे झाले. नीळ जास्त झाली की धोतर निळे होते, तसेच! नेहमीच्या शाम्पूने दोन-तीनदा धुतल्यावर ती छटा गेली.

मग पद्धत बदलली. आधी साध्या शाम्पूने तेल पूर्ण काढायचे, कारण तेलकट केसावर रंग सारखा बसत नाही. नंतर ओल्या केसांवर, फक्त पिवळ्या भागावर, जांभळा शाम्पू दोन मिनिटे ठेवून स्वच्छ धुवायचा. हे आठवड्यातून एकदाच. तेल कमी केले आणि उन्हात जाताना डोक्यावर पदर घेतला. हे महत्त्वाचे, कारण शाम्पू पिवळेपणा झाकतो, त्याचे कारण दूर करत नाही.

निळ्या शाम्पूची गरज वेगळ्यांना. काळे केस ब्लीच केले की रंग एकदम जात नाही. केस आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा होतो. आपल्याकडच्या तपकिरी हायलाइट्स बहुधा नारिंगी टप्प्यावरच थांबलेल्या असतात. पार्लरमधला रंग फिका पडला की ती नारिंगी झाक वर येते. तिथे निळा शाम्पू उपयोगी. ब्लीच करून केळीच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिकट केलेला केस असेल तर मात्र जांभळा.

मेंदीने केशरी झालेल्या पांढऱ्या केसांवर फार अपेक्षा ठेवू नये. मेंदीचा रंग केसात घट्ट बसलेला असतो, शाम्पूतले थोडेसे रंगकण त्याला पुरे पडत नाहीत. आणि न रंगवलेल्या काळ्या केसांवर दोन्ही शाम्पू म्हणजे पैसे वाया घालवणे. गडद केसावर ती छटा दिसतच नाही.

ओळखायची सोपी युक्ती आहे. धुतलेले, कोरडे केस दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदाशेजारी धरा. पिवळे दिसले तर जांभळा, नारिंगी दिसले तर निळा, यापैकी काहीच नसेल तर साधा शाम्पू पुरेसा. ज्यांना पूर्वी केसांच्या रंगाची ॲलर्जी झाली आहे, त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून धुवावा आणि 48 तास वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर तो शाम्पू वापरू नये आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.