मेलची साखळी म्हणजे कामाची नोंद नव्हे

गैरसमज: सगळं मेलवर आहे, शोधलं की सापडतं.

मेलवर असतं हे खरं, पण एका ठिकाणी नसतं. पाच जणांच्या चर्चेत प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये त्या चर्चेची वेगळी प्रत असते. कुणी चौथ्या मेलला उत्तर देतं, कुणी सातव्या. कुणी ‘रिप्लाय ऑल’ऐवजी नुसतं ‘रिप्लाय’ दाबतं आणि तिथून पुढचं बोलणं दोघांतच राहतं. पडद्यावर साखळी सलग दिसते, कारण मेलचं सॉफ्टवेअर मुख्यतः प्रत्येक मेलमधल्या `In-Reply-To` आणि `References` या ओळी वाचून मेल एकाखाली एक लावतं. त्या ओळींवरून कोणता मेल कशाला उत्तर आहे एवढंच कळतं. मुदत बदलली का, काम कुणाकडे गेलं, हे तिथे कुठेच नसतं.

गैरसमज: हेल्पडेस्कचा पत्ता सीसीत टाकला की नोंद आपोआप होते.

नोंद होते, पण कधी कधी एकाऐवजी तीन होतात. हे नेमकं कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे. ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’ म्हणजे आरटी ही बऱ्याच संस्थांत वापरली जाणारी तिकीट-प्रणाली घेऊ. अकाउंट्समधल्या बाई हेल्पडेस्कला मेल टाकतात, ‘मार्चच्या विक्री अहवालात बेरीज चुकते आहे’, आणि सीसीत विक्रीचे मॅनेजर व ऑडिटचे एक सहकारी असतात. आरटी तिकीट उघडते, समजा ४१२. पोचपावतीच्या विषयात `[example.com #412]` अशी खूण येते. मात्र मूळ सेटिंगमध्ये ही पोचपावती फक्त बाईंना जाते. सीसीतल्या दोघांच्या हाती खूण नसलेला पहिलाच मेल असतो.

मॅनेजर त्याच मेलवर रिप्लाय ऑल करतात: ‘परतावे धरलेत का ते बघा.’ विषयात क्रमांक नाही म्हणून आरटी नवं तिकीट काढते, ४१३. ऑडिटवाल्यांचं उत्तर ४१४ होतं. आता ४१२ वर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला परताव्यांचा मुद्दा दिसतच नाही, आणि ४१३ दुसऱ्याच कुणाकडे जातं. चूक कुणाचीच नाही, दोघांनीही रीतसर उत्तर दिलं.

दुसऱ्या माणसाच्या नावावर, ‘Re:’ने सुरू होणारं, पण विषयात जुना क्रमांक नसलेलं नवं तिकीट दिसलं, की हाच प्रकार झाला असं समजावं. अशी तिकिटं बंद न करता मूळ तिकिटात विलीन करावीत. आरटीमध्ये विलीनीकरणानंतर सगळा मजकूर एकत्र येतो आणि ४१३ क्रमांकावर आलेलं पुढचं उत्तरही ४१२ मध्येच जमा होतं. नुसतं बंद केलं, तर परताव्यांचा मुद्दा बंद तिकिटातच अडकतो.

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची दोषनोंद वर्षानुवर्षं मेलवरच चालते, आणि तिथे या अडचणीवर मला फार पटलेला उपाय आहे. नवा दोष कळवताना इतरांना साधं सीसी करू नका, मेलमध्ये `X-Debbugs-CC` ही ओळ लिहा, असं ते सांगतात. मग आधी क्रमांक पडतो आणि त्यानंतर प्रणालीच इतरांना क्रमांकासह प्रत पाठवते. पहिल्याच प्रतीवर क्रमांक असल्यामुळे त्यांची उत्तरंही योग्य जागी जातात.

गैरसमज: ‘झालं, धन्यवाद’ असा मेल आला म्हणजे काम बंद.

माणसांसाठी बंद, नोंदीसाठी नाही. उलट आरटीच्या मूळ सेटिंगमध्ये बंद तिकिटावर आलेला नुसता ‘धन्यवाद’सुद्धा ते पुन्हा उघडतो. डेबियनमध्ये दोष बंद करायला वेगळा पत्ताच आहे, दोषाच्या क्रमांकापुढे `-done` लावलेला. त्या पत्त्यावर पाठवलेलं स्पष्टीकरण दोष कळवणाऱ्यापर्यंत पोचतं. बंद करणं ही अशी मुद्दाम केलेली कृती असावी, तीही कारणासह.

गैरसमज: सगळे मेल तिकिटात आले की नोंद अचूक झाली.

चाळीस मेल साठलेलं तिकीट वाचणार कोण? मेलमधला निर्णय तिकिटाच्या रकान्यात कुणीतरी हाताने उतरवावा लागतो: काम कुणाकडे, मुदत कोणती, सद्यस्थिती काय. हे काम सगळ्यांचं ठेवलं तर कुणीच करत नाही, म्हणून ते तिकिटाच्या मालकाकडेच असावं. फोनवर किंवा खासगी उत्तरात काही ठरलं, तर क्रमांक घालून दोन ओळी तिकिटाला लिहाव्यात: ‘परतावे वगळायचे ठरलं. सुधारित अहवाल २० तारखेला.’

पुढच्या वेळी काम सांगताना पहिला मेल एकट्या हेल्पडेस्कला पाठवा. क्रमांक आला की तो विषयात ठेवूनच बाकीच्यांना कळवा.