वजन वाढवायचे तर: शाकाहारी विद्यार्थ्याच्या ताटाचा हिशेब

उंचीच्या मानाने वजन कमी आहे की नाही, हे पाहण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे बीएमआय. किलोमधले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. प्रौढ व्यक्तीचा बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी समजले जाते. उदाहरणादाखल पुण्यात वसतिगृहात राहणारा, मेसमध्ये जेवणारा १९ वर्षांचा एक शाकाहारी विद्यार्थी घेऊ. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ५० किलो. म्हणजे बीएमआय १६.९. किमान १८.५ वर पोहोचायला त्याचे वजन सुमारे ५५ किलो व्हायला हवे. पाच किलोंची ही वाढ नुसत्या चरबीची न होता तिच्यात स्नायूंचाही चांगला वाटा असावा, यासाठी किती खायचे आणि काय खायचे या दोन्ही गोष्टी ठरवाव्या लागतात.

कॅलरी किती?

पहिला आकडा शरीराच्या रोजच्या खर्चाचा. तो काढायला मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र वापरतात. वजनाला १० ने आणि सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणून दोन्हींची बेरीज करायची, तीतून वयाची पाचपट वजा करायची आणि पुरुषांसाठी ५ मिळवायचे. स्त्रियांसाठी ५ मिळवण्याऐवजी १६१ वजा करायचे. या विद्यार्थ्यासाठी उत्तर येते १४८५. नुसते पडून राहिले तरी श्वास, हृदय, मेंदू यांच्या कामाला दिवसाला एवढ्या कॅलरी लागतात. कॉलेजला चालत जाणे, जिने चढणे, थोडा व्यायाम धरून या आकड्याला १.५ ने गुणले की सुमारे २२०० होतात. एवढे खाल्ले तर वजन आहे तिथेच राहील.

वाढीसाठी त्यावर रोज ४०० कॅलरी जास्त, म्हणजे २६०० चे लक्ष्य पुरेसे आहे. शरीराचे एक किलो वजन वाढायला ढोबळमानाने ७७०० कॅलरी लागतात, असे धरले तर आठवड्याच्या २८०० जादा कॅलरींतून साधारण ३५० ग्रॅम वाढ होते. या गतीने पाच किलोंना साडेतीन महिने, म्हणजे जवळपास एक सेमिस्टर लागते. घाईने रोज हजार कॅलरी जास्त खाल्ल्या तरी स्नायू त्या प्रमाणात लवकर बनत नाहीत. उरलेली भर चरबीत जाते.

तीन घटकांची वाटणी

कॅलरी ज्या तीन घटकांतून येतात त्यांना व्यायामशाळेच्या भाषेत मॅक्रो म्हणतात: प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदके. प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून ९.

वाटणी प्रथिनांपासून सुरू करावी. भारतीय प्रौढांसाठी शिफारस केलेले प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण ते वजन वाढवणाऱ्यांसाठी नसून सर्वसाधारण गरजेसाठी आहे. व्यायाम करून स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास धरतात. डाळी-धान्यांतली प्रथिने दुधातल्या प्रथिनांपेक्षा थोडी कमी पचतात, म्हणून शाकाहारी माणसाने १.८ पर्यंत जाणे सोयीचे. ५० किलोंना ९० ग्रॅम, म्हणजे ३६० कॅलरी. स्निग्ध पदार्थ ८० ग्रॅम ठेवले की ७२० कॅलरी होतात. उरलेल्या १५२० कॅलरी कर्बोदकांच्या, म्हणजे ३८० ग्रॅम.

यात कर्बोदके अवघड नाहीत. पोळी-भातातून ती आपोआप भरतात. अडचण येते ती प्रथिनांची आणि पोटातल्या जागेची.

मेसच्या ताटात काय कमी पडते

मेसच्या आमटीची वाटी डाळीची दिसते, पण तिच्यात पाणीच जास्त असते. पातळ आमटीच्या वाटीत कोरड्या डाळीचा भाग जेमतेम १० ते १५ ग्रॅम असतो आणि त्यातून तीनेक ग्रॅमच प्रथिने मिळतात. तेवढ्याच वाटीत घट्ट मुगाची किंवा मटकीची उसळ असेल, तर ४० ग्रॅम कोरड्या कडधान्यातून ९ ग्रॅम मिळतात. म्हणून ‘रोज दोन वाट्या वरण’ अशा मोजणीला अर्थ नसतो. मोजायची ती कोरडी डाळ; मेसमध्ये ते शक्य नसेल तर वाटी थोडा वेळ न हलवता ठेवून खाली डाळ किती बसते ते पाहावे.

दुसरी अडचण पोट भरण्याची. पालेभाजी, कोशिंबीर, पातळ आमटी यांनी पोट लवकर भरते, पण त्यांच्यातून कॅलरी थोड्या मिळतात. भूक आधीच कमी असलेल्या मुलाला आणखी दोन पोळ्या वाढल्या तर तो पुढच्या वेळी कमी जेवतो. त्यापेक्षा थोड्या जागेत जास्त कॅलरी देणारे पदार्थ जोडावेत. ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांत १७० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिने असतात. चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात आणि पोळीवर ते जाणवतही नाही. दूध द्रव असल्याने जेवणाइतके पोट भरत नाही. मात्र ते जेवणाच्या लगेच आधी न घेता जेवणानंतर किंवा मधल्या वेळी घ्यावे. पिशवी निवडताना फुल क्रीम घ्यावी. त्यात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोण्ड दुधात ३ टक्के.

२६०० कॅलरींचा एक दिवस

सकाळी शेंगदाणे घातलेले भरपूर पोहे आणि २५० मिलिलिटर फुल क्रीम दूध: सुमारे ६०० कॅलरी, १६ ग्रॅम प्रथिने. कॉलेजच्या मधल्या सुट्टीत मूठभर शेंगदाणे आणि एक केळे: २७० कॅलरी, ८ ग्रॅम.

दुपारी चार पोळ्या, त्यांवर मिळून एक चमचा तूप, भाजी, घट्ट उसळीची वाटी आणि लहान वाटीभर दही: ७९० कॅलरी, २७ ग्रॅम. संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे आणि एक केळे: २१० कॅलरी, ७ ग्रॅम.

रात्री दोन पोळ्या, दोनशे ग्रॅम शिजलेला भात, घट्ट वरण आणि ३० ग्रॅम सोया चंक्सचा रस्सा: ७७० कॅलरी, ३३ ग्रॅम. दिवसाची बेरीज सुमारे २६४० कॅलरी, ९० ग्रॅम प्रथिने, ८० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ३८० ग्रॅम कर्बोदके.

या यादीत सोयाचे स्थान वेगळे आहे. तीस ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये १५ ग्रॅम प्रथिने असतात. इतर कुठल्याही स्वस्त शाकाहारी पदार्थाच्या एवढ्याच वजनात इतकी प्रथिने क्वचितच मिळतात. चंक्स गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून, घट्ट पिळून मेसच्याच रश्श्यात घालता येतात, त्यामुळे खोलीत फक्त पाण्याची किटली असली तरी भागते. सोया नको असेल तर ८० ते ९० ग्रॅम पनीर साधारण तेवढीच प्रथिने देते, पण स्निग्धांश बराच वाढतो. तेव्हा दिवसातले शेंगदाणे कमी करावे लागतात. दूध पचत नसेल तर त्याऐवजी दही चालते, कारण विरजणात दुधातली बरीच साखर वापरली जाते.

धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत मेथिओनिन. वरण-भात किंवा पिठले-भाकरी या जोड्यांत दोघांची उणीव भरून निघते. दोन्ही एकाच घासात हवेत असे नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे. चहा मात्र जेवणाबरोबर घेऊ नये, कारण तो डाळी-भाज्यांतले लोह शोषू देत नाही. शाकाहारात ब१२ जीवनसत्त्व फक्त दुधा-दह्यातून मिळते आणि ते बऱ्याचदा कमी पडते. रक्त तपासून गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

व्यायाम आणि काटा

आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम, किंवा साधने नसतील तर जोर-बैठका असाव्यात, आणि दर एक-दोन आठवड्यांनी भार किंवा संख्या वाढत जावी. स्नायूंवर हा ताण नसेल तर जादा खाण्यातला मोठा भाग चरबी होऊन साठतो.

वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी करावे. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. आठवड्यातल्या तीन-चार आकड्यांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. पहिल्या आठवड्यात काटा एकदम किलोभर वर गेला तर ते बहुतांशी पाणी आणि पोटातले अन्न असते. सलग दोन आठवडे वाढ २०० ग्रॅमपेक्षा कमी राहिली तर रोज आणखी दोनशे कॅलरी, म्हणजे ग्लासभर फुल क्रीम दूध, वाढवावे. महिनाभर दर आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त वाढ होत असेल आणि बेंबीजवळचा कमरेचा घेरही भराभर वाढत असेल, तर तेवढेच कमी करावे.

सूत्र सांगते तसे प्रत्येक शरीर वागत नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त दिल्या. त्यांच्यातली चरबीची वाढ पाव-अर्ध्या किलोपासून चार किलोंहून जास्त अशी वेगवेगळी निघाली. ज्यांची कमी वाढली ते व्यायाम न करताही दिवसभर जास्त हालचाल करू लागले होते: उठ-बस, चुळबुळ, चालणे. ‘कितीही खाल्ले तरी अंगाला लागत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असते. दुसरे कारण म्हणजे एका दिवशी भरपूर जेवून पुढचे दोन दिवस नाश्ता टाळणे. तीन दिवस खाल्लेले सगळे वहीत लिहिले की ते लगेच दिसते.

काही वेळा मात्र खाणे वाढवणे हा उपाय नसतो. भूक चांगली असून वजन घटत असेल, हातांना कंप आणि छातीत धडधड असेल, तर थायरॉइडची तपासणी हवी. खूप तहान आणि वारंवार लघवी ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असेल तर क्षयाची तपासणी करावी. पोळी-ब्रेड खाल्ल्यावर सतत जुलाब होत असतील तर गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार असू शकतो. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. बीएमआय १६ च्या खाली असेल किंवा जेवणाचीच भीती वाटत असेल, तर आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा; दीर्घकाळ उपासमार झालेल्या शरीराला एकदम जास्त अन्न दिल्यास रक्तातले क्षार बिघडून जिवाला धोका होऊ शकतो.

वजन ५५ किलोंवर गेले की हिशेब नव्याने मांडावा लागतो. जड झालेल्या शरीराचा रोजचा खर्चही वाढतो. नव्या वजनावर सूत्र पुन्हा लावले की तो सुमारे २३०० येतो. वजन तिथेच टिकवायचे असेल तर जादा ४०० कॅलरी बंद करून तेवढेच खावे, आणि आणखी वाढवायचे असेल तर नव्या आकड्यात पुन्हा ४०० मिळवावेत.